फोन चोरीला गेला, सिम बंद केलं, तरी दर महिन्याला पैसे कटताहेत? ऑटोपे शोधून बंद कसं करायचं

फोन हरवला की आपण काय करतो, सिम बंद करतो, पोलीस स्टेशनला जातो, फोनचा आयएमईआय नंबर ब्लॉक करतो आणि वाटतं झालं सगळं बंद. पण महिन्याने पासबुक भरायला गेलं की दिसतं, कुठे 299 गेले, कुठे 130 गेले, आणि फोन तर आपल्याकडे नाहीच. मग चोरच पैसे काढतोय म्हणून माणूस घाबरतो. बऱ्याचदा चोराचा काही संबंध नसतो भो, ती आपणच कधीतरी दिलेली परवानगी असते आणि ती फोनमध्ये नसतेच, ती बँकेकडे असते.

हे एकदा नीट समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं सोपं आहे. तुम्ही एखाद्या ॲपमध्ये ऑटोपे चालू करता तेव्हा यूपीआय पिन टाकून बँकेला सांगता की या कंपनीने मागितले की दर महिन्याला इतक्यापर्यंत पैसे देत जा. याला मॅंडेट म्हणतात. पिन फक्त पहिल्यांदा लागतो, पुढे 15,000 रुपयांपर्यंतच्या हप्त्याला पिन लागत नाही, फोन चालू असावा लागत नाही, ॲप मोबाईलमध्ये असावं लागत नाही. म्हणून फोन गेला, फुटला, विहिरीत पडला तरी हप्ता ठरलेल्या तारखेला जातोच. उलट फोन गेल्यावर एक गोष्ट जास्त वाईट होते. पैसे कटायच्या किमान 24 तास आधी तुम्हाला कळवायचं असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, तो मेसेज किंवा नोटिफिकेशन येतं गेलेल्या फोनवर, आणि आपल्याला पत्ताच लागत नाही.

पहिल्या दिवशी काय करायचं

घरातल्या कोणाच्याही फोनवरून सिम कंपनीला फोन करून सिम बंद करा. मग बँकेला फोन करून दोन गोष्टी सांगा, माझ्या खात्याचं यूपीआय बंद करा आणि एटीएम कार्ड ब्लॉक करा. बँकेचा नंबर पासबुकवरून किंवा बँकेच्या स्वतःच्या वेबसाईटवरून घ्या, सर्च करून समोर येईल त्या नंबरला फोन लावू नका, खोटे कस्टमर केअर नंबर तिथे खूप असतात आणि फोन हरवलेला घाबरलेला माणूस म्हणजे त्यांना आयतं गिऱ्हाईक.

यूपीआय लगेच बंद करायचं मोठं कारण म्हणजे यूपीआय लाईट. लाईटमध्ये 1,000 रुपयांपर्यंतच्या पेमेंटला पिनच लागत नाही, आणि त्यात 5,000 रुपयांपर्यंत शिल्लक ठेवता येते. वर कोणी ऑटो टॉपअप चालू करून ठेवलेलं असतं, म्हणजे लाईटमधले संपले की खात्यातून आपोआप परत भरतात. फोनचं लॉक उघडं असताना चोरी झाली असेल, म्हणजे गाडीत बसल्या बसल्या हातातून ओढला वगैरे, तर हा धोका खरा आहे. हा ऑटो टॉपअपसुद्धा एक मॅंडेटच आहे, तोही पुढे यादीत शोधायचा.

मग डुप्लिकेट सिम. इथे एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी, नाहीतर गॅलरीवाल्याशी उगाच भांडण होतं. डुप्लिकेट सिम चालू झाल्यावर पहिले 24 तास मेसेज बंद असतात, येणारे पण आणि जाणारे पण. कॉल चालतात, नेट चालतं, पण ओटीपी येत नाही. आणि यूपीआय ॲप नव्या फोनमध्ये चालू करायला तर आपल्या सिमवरून एक मेसेज जावा लागतो, तो जात नाही, म्हणून ॲप फिरत राहतं. सिम खराब नाही, ही सुरक्षेसाठी ठेवलेली सोय आहे. हे 24 तास वाया घालवायचे नाहीत, तेवढ्यात पोलिसांकडे तक्रार करून तिची प्रत घ्या, ती फोन ब्लॉक करायला आणि बँकेला दोन्हीकडे लागते. रेल्वेत किंवा भुसावळ, जळगाव स्टेशनवर फोन गेला असेल तर तक्रार रेल्वे पोलिसांकडे. मग त्या तक्रारीवर ceir.gov.in वर आयएमईआय ब्लॉकची विनंती टाकता येते, त्यातही ओटीपी लागतो म्हणून ती सिमचे मेसेज चालू झाल्यावर टाका.

पण लक्षात घ्या, आयएमईआय ब्लॉक केल्याने तो फोन नेटवर्कवर चालत नाही, एवढंच होतं. दुरून फोन मिटवला तरी तसंच, आतला डेटा जातो, बँकेतला मॅंडेट तसाच राहतो. हप्ते थांबवणं हे वेगळं काम आहे.

आधी पासबुक, मग ॲप

बहुतेक लोक सरळ ॲप उघडून ऑटोपेची यादी बघतात आणि एवढंच आहे म्हणून सोडतात. माझं मत आहे की सुरुवात बँकेच्या स्टेटमेंटपासून करा, कारण ॲपमध्ये त्या ॲपचं दिसतं, बँकेत सगळ्यांचं दिसतं. आणि स्टेटमेंट तीन महिन्यांचं नको, 13 महिन्यांचं घ्या. वर्षातून एकदाच कटणारे हप्ते असतात, एखादं वार्षिक सबस्क्रिप्शन, विमा, अँटीव्हायरस, ते तीन महिन्यांत दिसणारच नाहीत. नेट बँकिंग नसेल तर शाखेत जाऊन मागा, किंवा पासबुक भरून घ्या.

मग पेन घेऊन बसा आणि एकच रक्कम साधारण त्याच तारखेला परत परत गेलेली दिसली की खूण करा. मजकुराकडे पण बघा. यूपीआयच्या नोंदीत मॅंडेट किंवा ऑटोपे असा शब्द असतो, बँकेप्रमाणे थोडं वेगळं लिहिलेलं असतं. एसीएच किंवा एनएसीएच असं असेल तर ते बँकेत लावलेलं ई-मॅंडेट आहे, कर्जाचा हप्ता, एसआयपी, विमा असं बहुतेक. एसआय लिहिलेलं असेल तर बहुतेक कार्डावर लावलेली स्टँडिंग इन्स्ट्रक्शन, म्हणजे दर वेळी आपोआप पैसे द्यायची सूचना. एक, दोन, पाच रुपयांच्या एकट्या नोंदी पण सोडू नका. एक रुपयात सात दिवस ट्रायल असं सांगून जे ॲप पिन टाकायला लावतात ना, ते तो एक रुपया घेताना खरंतर महिन्याच्या मोठ्या रकमेची परवानगी घेत असतात.

आमच्याकडचे एक आप्पा आहेत, अमळनेरजवळच्या खेड्यातले, कापूसवाले शेतकरी. जळगावच्या बसस्टँडवर गाडीत चढताना खिशातून फोन गेला. सिम बंद, तक्रार, सगळं केलं. पुढच्या महिन्यात पासबुक भरलं आणि बसले डोक्याला हात लावून, "फोन गया तरी पैसा काबरं कटी ऱ्हायनात?" आप्पांचं स्टेटमेंट घेऊन बसलो तर परत परत जाणाऱ्या या नोंदी निघाल्या. महिन्याला 2,000 ची एसआयपी, एसीएचमधून. सहा महिन्यांनी विम्याचा हप्ता, तो पण एसीएच. महिन्याला 299, कुठल्यातरी भविष्य सांगणाऱ्या ॲपचे, आणि त्याच्या बरोबर आधी एक रुपयाची नोंद. महिन्याला 130, गुगलच्या नावाने. आणि यूपीआय लाईटचा टॉपअप, तो फोन गेला त्या दिवशी पण झालेला होता.

या पाचात लगेच बंद करायच्या दोनच निघाल्या, हे मुद्दाम सांगतो. एसआयपी आणि विमा आप्पांचे स्वतःचे, चालू पाहिजेत. घाबरून सगळं बंद करा म्हणणारे खूप भेटतील, पण कर्जाचा हप्ता बंद केला तर बाऊन्सचा दंड लागतो आणि सिबिल खराब होतो, विमा बंद केला तर पॉलिसी जाते. आधी यादी, मग निर्णय. आणि ते 130 रुपये गुगलच्या 100 जीबी जागेचे होते. फोन गेला, आता त्यातले फोटो फक्त त्या जागेतच उरलेत, नातवाचे, लग्नाचे, सातबाऱ्याचे काढून ठेवलेले फोटो. ते आधी दुसरीकडे उतरवून घेतल्याशिवाय ते सबस्क्रिप्शन बंद करायचं नाही, ते शेवटी ठेवलं.

यूपीआयचं मॅंडेट बंद करायचं

सिमचे मेसेज चालू झाले की नव्या फोनमध्ये तेच यूपीआय ॲप टाका जे आधी वापरत होता, आणि त्याच नंबरने, त्याच बँक खात्याने चालू करा. एटीएम कार्ड ब्लॉक केल्यामुळे नवीन पिन ठेवायला अडचण आली तर आधारच्या ओटीपीने पिन ठेवायची सोय बऱ्याच बँका देतात. जुना पिन परत ठेवू नका, नवीन ठेवा. नव्या अँड्रॉइड फोनमध्ये पहिले 24 तास यूपीआयवर 5,000 ची मर्यादा असते, त्याने घाबरायचं नाही, मॅंडेट बघायला आणि बंद करायला त्याचा संबंध नाही.

ॲपमध्ये वर आपल्या फोटोवर किंवा प्रोफाईलवर दाबलं की ऑटोपे किंवा मॅंडेट नावाचा पर्याय सापडतो. आत प्रत्येक मॅंडेट वेगळा दिसतो, त्यावर दाबा आणि तीन गोष्टी वाचा. रक्कम, किती दिवसांनी, आणि सुरू कधी झाला. रकमेत नीट बघा, 299 कटत असतील पण मॅंडेटमध्ये जास्तीत जास्त 999 पर्यंत असं लिहिलेलं असू शकतं, म्हणजे उद्या कंपनीने दर वाढवला तर तुम्हाला विचारायची गरज नाही. आप्पांचं असंच होतं. आणि महिन्याला ऐवजी गरजेप्रमाणे असं लिहिलेलं असेल, तर कंपनी कधीही मागू शकते, असलं मॅंडेट ओळखीचं नसेल तर ठेवूच नका.

सुरू झाल्याची तारीख सगळ्यात महत्त्वाची. फोन गेल्याच्या तारखेच्या आधीची असेल तर ती तुमचीच परवानगी आहे, विसरलेली. पण नंतरची असेल तर विषय वेगळा. नवीन मॅंडेट पिनशिवाय लागत नाही, म्हणजे कोणालातरी तुमचा पिन माहीत आहे. तेव्हा त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, 1930 ला फोन करा, cybercrime.gov.in वर तक्रार टाका आणि बँकेला लेखी कळवा. तिसऱ्याच माणसाने केलेला व्यवहार असेल आणि तीन कामाच्या दिवसांत बँकेला कळवलं असेल तर तुमची जबाबदारी शून्य असा रिझर्व्ह बँकेचा 2017 चा नियम आहे, पण पिन आपणच कोणाला दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपल्यावर येतं. म्हणून उशीर करायचा नाही.

बंद करताना दोन पर्याय दिसतील, पॉज आणि कॅन्सल किंवा रिव्होक. पॉज म्हणजे तात्पुरतं थांबवणं, ठरवलेली मुदत संपली की परत सुरू. आपल्याला रिव्होक पाहिजे. पिन विचारेल, टाका, आणि मग स्थिती रिव्होक्ड किंवा कॅन्सल्ड अशी झाली का ते परत आत जाऊन बघा, नुसतं हिरवं टिकमार्क आलं म्हणून निघू नका. तिथे यूएमएन म्हणून एक लांबलचक नंबर असतो, शेवटी @ आणि काही अक्षरं, हा त्या मॅंडेटचा स्वतःचा नंबर. त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, पुढे भांडायची वेळ आली तर हाच कामाला येतो.

आता अडचण कुठे येते. एखाद्याला आठवतच नाही की कुठल्या ॲपमधून ऑटोपे लावला होता. त्या @ च्या नंतरच्या अक्षरांवरून कळतं. ok ने सुरू होत असेल, जसं @okhdfcbank किंवा @oksbi, तर गुगल पे. @ybl, @ibl, @axl असेल तर फोनपे. @upi असेल तर भीम. @pt ने सुरू, जसं @ptsbi, तर पेटीएम. स्टेटमेंटमध्ये किंवा जुन्या मेसेजमध्ये हे सापडलं की ते ॲप टाका आणि तिथे बघा. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने 2025 मध्ये सगळ्या ॲपांना सांगितलंय की ग्राहकाला त्याचे सगळीकडचे मॅंडेट एकाच ठिकाणी बघता आले पाहिजेत, त्यामुळे ॲप अपडेट करून घ्या, पण त्या एका यादीवर डोळे झाकून विसंबू नका, स्टेटमेंटशी जुळवून बघा.

यूपीआय बंद केलं म्हणजे मॅंडेट पण गेले असं धरून चालू नका. ॲप काढून टाकणं म्हणजे तर काहीच नाही.

प्ले स्टोअरमधली सबस्क्रिप्शन

गुगलच्या नावाने कटणारे पैसे बंद करायला दुसरा फोन लागत नाही, कोणाचाही कॉम्प्युटर चालतो. play.google.com/store/account/subscriptions हे उघडा, त्याच जीमेलने लॉगिन करा जो गेलेल्या फोनमध्ये होता. चुकून दुसऱ्या जीमेलने गेलात तर यादी रिकामी दिसते आणि वाटतं काही नाहीच. घरात मुलांनी वेगळा जीमेल टाकून दिलेला असतो, तो आधी विचारून घ्या.

लॉगिनला ओटीपी किंवा फोनवर होय म्हणा असं विचारतं आणि फोन तर चोराकडे. तेव्हा दुसऱ्या मार्गाने प्रयत्न करा हा पर्याय निवडून डुप्लिकेट सिमवर कोड मागवा. सायबर कॅफेत करत असाल तर इन्कॉग्निटो विंडोत करा आणि काम झालं की लॉगआउट. आत गेलातच आहात तर myaccount.google.com मध्ये सुरक्षा या भागात डिव्हाइसची यादी असते, तिथून गेलेला फोन साइन आउट करून टाका आणि पासवर्ड बदला, म्हणजे प्ले स्टोअरमधून नवीन खरेदी व्हायचा रस्ता बंद.

सबस्क्रिप्शन रद्द केलं की भरलेल्या मुदतीपर्यंत ते चालतं आणि नंतर थांबतं, उरलेल्या दिवसांचे पैसे सहसा परत येत नाहीत. पण फोन गेल्यानंतर तुम्ही न केलेली खरेदी दिसली तर गुगलकडे 120 दिवसांच्या आत अनधिकृत व्यवहार म्हणून तक्रार करता येते, तेवढा वेळ जाऊ देऊ नका.

एक बारीक गोष्ट. प्ले स्टोअरमध्ये पैसे यूपीआय ऑटोपेने जात असतील तर दोन ठिकाणी बंद करायचं, आधी प्ले स्टोअरमध्ये सबस्क्रिप्शन, मग यूपीआय ॲपमध्ये मॅंडेट. नुसता मॅंडेट काढला तर कंपनीला वाटतं पेमेंट फेल झालं आणि पैसे भरा म्हणून मेल येत राहतात. नुसतं सबस्क्रिप्शन काढलं तर परवानगी बँकेत पडून राहते. आयफोनवाल्यांनी दुसऱ्या कुठल्याही आयफोनमध्ये आपल्या खात्याने साइन इन करून सेटिंग्जमध्ये नावावर दाबून सबस्क्रिप्शन बघायचं.

उरलेल्या जागा

कार्डावर लावलेले हप्ते बऱ्याच बँकांचे sihub.in वर कार्ड टाकून बघता आणि रद्द करता येतात, काही बँकांच्या नेट बँकिंगमध्येच असतात. जुनं कार्ड ब्लॉक केल्यावर हप्ता आपोआप थांबेल असं समजू नका, रद्द करून मोकळे व्हा. एसीएचवाले ॲपमधून जात नाहीत बहुतेक, त्यासाठी ज्या कंपनीला पैसे जातात तिला आणि बँकेला दोघांना कळवावं लागतं. आणि प्रीपेड सिममधून कॉलर ट्यून, गेम, जोक्स असं काही कटत असेल तर नव्या सिमवरून 155223 ला STOP असा मेसेज टाका, उत्तरात काय काय चालू आहे ते येतं.

शाखेत द्यायचा अर्ज

बँकेत तोंडी सांगून निघू नका, काउंटरवरचा माणूस चांगला असला तरी उद्या तो बदलून जातो. अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. असं लिहिलं तरी पुरतं:

"माझा मोबाईल (तारीख) रोजी चोरीला गेला आहे, पोलीस तक्रारीची प्रत सोबत जोडली आहे. माझ्या खात्यावरील सर्व चालू यूपीआय मॅंडेट, एनएसीएच मॅंडेट आणि कार्डावरील स्टँडिंग इन्स्ट्रक्शन यांची यादी लेखी मिळावी. त्यापैकी खालील मॅंडेट आजपासून रद्द करावेत. (कंपनीचे नाव, रक्कम, यूएमएन किंवा मॅंडेट नंबर). एसआयपी व विम्याचे मॅंडेट चालू ठेवावेत."

ते शेवटचं वाक्य नक्की लिहा, नाहीतर एखादवेळी सरसकट सगळंच बंद होतं.

रद्द केल्यावर पुढची कटायची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि त्या दिवसानंतर स्टेटमेंट बघा. एका दिवसात नाही तर दोन-तीन दिवसांनी परत बघा, कारण खात्यात पैसे नसतील किंवा पेमेंट अडकलं तर यूपीआय ऑटोपे पहिल्या प्रयत्नानंतर अजून तीन वेळा प्रयत्न करू शकतो. खात्यात शिल्लक नव्हती म्हणून कटलं नाही आणि मॅंडेट बंद झाला म्हणून कटलं नाही यात फरक आहे, कापसाचे पैसे जमा झाले की पहिल्याचे परत कटायला लागतात.

रद्द करूनही पैसे गेले तर यूपीआय ॲपमध्ये त्याच व्यवहारावर दाबून तक्रार करा, यूएमएनचा स्क्रीनशॉट आणि शिक्क्याची प्रत लावून बँकेला लेखी द्या. 30 दिवसांत उत्तर नाही आलं किंवा उत्तर पटलं नाही तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे तक्रार करता येते, पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही, माहितीसाठी 14448 नंबर आहे. आप्पांचे 299 दुसऱ्या महिन्यात थांबले. लाईटमधून गेलेल्या पैशांची तक्रार बँकेत वेगळी दिली, त्याच दिवसाच्या नोंदीवर खूण करून, पोलीस तक्रारीच्या वेळेसकट.